पात्यावरचं सगळ्यात मोठं नाव

सुरीचा फोटो कुणी पाठवला की सोबत येणारा प्रश्न ठरलेला असतो: "ही कुठल्या कंपनीची, आणि पोलाद कुठलं?" एका दमात विचारलेले हे खरं तर दोन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं सुरीवर वेगवेगळ्या जागी असतात. सुरी कुणी बनवली हे शिक्का सांगतो, तेही नीट वाचला तर. पोलादाबद्दल शिक्का बहुतेक वेळा गप्प असतो आणि पात्यावरचे डाग जास्त बोलतात. मुठीतल्या रिव्हेटांना, म्हणजे मूठ धरून ठेवणाऱ्या धातूच्या खिळ्यांना, पोलादाची काहीच खबर नसते. त्या सांगतात मुठीची हकीगत: ती कधीच्या पद्धतीची आहे, मूळची आहे का, मधे कुणी तिला हात लावलाय का. हे तिन्ही साक्षीदार वेगळे बसवून ऐकले नाहीत, तर गोंधळ ठरलेला.

पहिला गोंधळ नावापासूनच सुरू होतो. पात्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत जे असतं तेच बनवणाऱ्याचं नाव, असं आपण धरून चालतो. जुन्या युरोपियन सुऱ्यांबाबत ही समजूत सगळ्यात जास्त फसवते ती 'साबातिए' या नावापाशी. फ्रान्सच्या मध्यभागी डोंगरउतारावर वसलेलं तिएर हे शतकानुशतकं सुऱ्या घडवणारं गाव. तिथे साबातिए आडनावाची एकाहून जास्त घराणी या धंद्यात होती. एकोणिसाव्या शतकात हे नाव चांगल्या स्वयंपाकी सुरीशी जोडलं गेलं आणि मग आडनाव असलेल्या-नसलेल्या अनेकांनी ते पात्यावर ठोकलं. नावाची मालकी कायद्याने घट्ट होईपर्यंत उशीर झाला होता. त्यामुळे आज 'साबातिए' वाचून आपल्याला फार तर सुरीचा घाट कळतो: निमुळतं, जवळपास त्रिकोणी पातं आणि बरीचशी सरळ धार. पुढे तर फ्रान्सशी संबंध नसलेल्या स्वस्त सुऱ्यांवरही हे नाव झळकलं.

मग बनवणारा शोधायचा कुठे? नावाच्या आजूबाजूला. कुठे नावाआधी एकटं 'के' हे अक्षर असतं, कुठे सिंह, कुठे तुतारी, कुठे हिऱ्याची आकृती, कुठे चार तारे आणि हत्ती. ही चिमुकली चित्रं वेगवेगळ्या घराण्यांची किंवा कारखान्यांची आहेत आणि ओळख पटवायची ती त्यांच्यावरून. चित्र नसलं, नुसतंच 'साबातिए' असलं, तर "साबातिए घाटाची सुरी, बनवणारा अज्ञात" एवढंच म्हणायचं. समोरचा खट्टू होतो, पण त्याला इलाज नाही.

जर्मन सुऱ्यांचं गणित जरा सोपं आहे. 'सोलिंगन' हे गावाचं नाव आहे, कंपनीचं नाही. मात्र १९३८ पासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे सुरीवर ते असेल तर घडवण्याची मुख्य कामं त्या भागात झालेली असायला हवीत. कंपनी तिथेही चित्रावरूनच ओळखायची. दोन माणसं शेजारी उभी दिसली की ते जुळ्यांचं चिन्ह, १७३१ साली सोलिंगनमध्ये नोंदवलेलं, आजच्या झ्विलिंगचं. त्रिशूळ दिसला तर व्युस्टहोफ. आणि जुळ्यांऐवजी एकच माणूस असेल तर ती त्याच उद्योगसमूहाची हेंकेल्स नावाची वेगळी, स्वस्त मालिका. फोटो धूसर असला की दोनाचा एक आणि एकाचे दोन होतात, म्हणून माणसं मोजताना घाई करू नये.

आता एक सुरी मुळापासून वाचून बघू. माझ्या भाचीने फोटो पाठवला. जुन्या सामानात मिळालेली लांब, काळ्या मुठीची सुरी. फोनचा फ्लॅश मारून वरून काढलेला फोटो, त्यामुळे शिक्क्याच्या जागी नुसता पांढरा झोत.

"मामा, साबातिए असं काहीतरी वाचता येतंय. म्हणजे भारी आहे ना?"

"तेवढ्यावरून काही सांगता येत नाही गं. फ्लॅश बंद कर आणि पुन्हा काढ."

शिक्का म्हणजे पोलादात दाबलेला खळगा. समोरून उजेड पडला की खळग्यात सावलीच राहत नाही आणि अक्षरं नाहीशी होतात. उजेड बाजूने, जवळजवळ पात्याला घासून यायला हवा. सुरी खिडकीपाशी आडवी ठेवायची, फोन तसाच धरायचा आणि सुरी हळूहळू फिरवायची. एका ठरावीक कोनात अक्षरं एकदम उठून दिसतात. पातं कोरड्या मऊ कापडाने पुसायचं, बस्स. काथ्याने किंवा पावडरीने घासायचं मात्र अजिबात नाही, कारण सगळेच शिक्के ठोकलेले नसतात. काही आम्लाने किंवा विजेने पृष्ठभागावर नुसते कोरलेले असतात, आणि दोन-चार जोरदार हात मारले की ते कायमचे जातात. ठोकलेल्या शिक्क्यात बोटाने चिमूटभर टाल्कम पावडर भरून वरचं पुसून घेतलं तर अक्षरं पांढरी दिसतात, तेवढं करायला हरकत नाही. पात्याच्या दोन्ही बाजू, वरून दिसणारी पाठ, मुठीची दोन्ही अंगं आणि मुठीच्या कडेचा जवळून घेतलेला फोटो, एवढं मागवावं. सेल्फी कॅमेऱ्याने काढू नये हेही बजावून सांगावं लागतं. काही फोन तो फोटो उलटा साठवतात, आणि उलटी अक्षरं वाचून लोकांनी नवीनच कंपन्या शोधून काढलेल्या मी पाहिल्या आहेत.

दुसऱ्या खेपेचे फोटो आले आणि शिक्का उघडला. वरच्या ओळीत चार तारे, त्यातला एक अर्धा झिजलेला. त्यांच्यालगत एक गोळा. त्याखाली 'साबातिए'. आणि तळाशी आणखी एक ओळ, तिची फक्त मधली अक्षरं शिल्लक.

गोळ्यापाशी थांबून बघावं लागतं. झिजलेला प्राणी ओळखताना बाह्यरेषेच्या मागे लागू नये, कारण आधी जातात त्या बारीक कडा. टिकतात ते खोल ठोकलेले भाग. सिंह असता तर पाय बारीक असते आणि शेपटीची काहीतरी खूण राहिली असती. इथे जाड खांबांसारखे पाय होते आणि पुढून खाली उतरणारी एक रेघ, सोंडेची. चार तारे आणि हत्ती ही जोडी म्हणजे तिएरच्या तिएर-इसार या कारखान्याच्या ताब्यातली खूण. 'ताब्यातली' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतोय. या धंद्यात खुणाही विकल्या जातात, वारशाने जातात, बंद पडलेल्या कारखान्याकडून चालू कारखान्याकडे येतात. आज खूण कुणाची आहे यावरून जुनी सुरी नेमकी कुठल्या भट्टीत घडली हे पक्कं ठरत नाही. भाचीला मी सांगितलं ते इतकंच: तिएरची, हत्तीवाल्या खुणेची.

तळाच्या ओळीत भाचीला 'इनॉक्स'मधलं एन दिसत होतं. हा मुद्दा महत्त्वाचा, कारण इनॉक्स म्हणजे न गंजणारं पोलाद, आणि तो शब्द असता तर पोलादाचा प्रश्न तिथेच मिटला असता. पण अंतर बघा. शिक्क्याच्या ओळी सहसा एकमेकींच्या मधोमध बसवलेल्या असतात. उरलेली एन आणि सी ही दोन अक्षरं वरच्या नावाच्या मध्यापासून जरा उजवीकडे होती, आणि त्यांच्या डावीकडे तीन-चार अक्षरं मावतील एवढी झिजलेली जागा होती. उजवीकडे आणखी एक मावत होतं. इनॉक्समध्ये एनच्या डावीकडे एकच अक्षर येतं आणि सी तर येतच नाही. 'फ्रान्स' मात्र तिथे चपखल बसतो. देशाचं नाव असणं हीसुद्धा काळाची एक ढोबळ खूण आहे. अमेरिकेने १८९० च्या आयातकर कायद्याने परदेशी मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, आणि त्यानंतर निर्यातीच्या मालावर ते सर्रास येऊ लागलं. त्यामुळे देशाचं नाव असलेली सुरी बहुधा त्यानंतरची. याचा उलटा अर्थ मात्र काढायचा नाही. घरच्या बाजारासाठी बनवलेल्या सुरीवर नंतरही देशाचं नाव नसू शकतं.

शिक्का कुठे आहे हेही बघण्यासारखं असतं. एरवी तो पात्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर, टाचेकडे, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या टोकाला असतो. या सुरीत तो धारेच्या अगदी जवळ आला होता. शिक्का काही खाली सरकत नाही. धार लावून लावून पातंच खालून वर गेलं होतं. म्हणजे ही सुरी कुणीतरी वर्षानुवर्षं वापरलेली आणि परजलेली. मुठीजवळचा जाड कंगोरा, ज्याला बोल्स्टर म्हणतात, तिथे धारेत एक छोटीशी खोबण पडली होती. बोल्स्टर टाचेपर्यंत खाली आलेला असला की धार लावणारा दगड तिथे अडतो. मग त्याच्या पुढचा भाग झिजतो, बोल्स्टर तसाच राहतो, आणि पाटावर ठेवलेल्या सुरीच्या टाचेपाशी उजेडाची फट दिसते.

आता रिव्हेट. या मुठीत तीन होत्या. दोन कडेच्या पिवळट, काठावर हिरवट-तपकिरी मळ धरलेला. हे पितळ. मधली मात्र पांढुरकी आणि स्वच्छ, आणि तिच्याभोवतीच्या लाकडाला चंद्रकोरीसारखा टवका गेलेला. कारखाना एका मुठीत दोन रंगांच्या रिव्हेटा सहसा घालत नाही. मधली कधीतरी निसटली असावी आणि कुणीतरी ॲल्युमिनियमची किंवा तसल्याच पांढऱ्या धातूची ठोकली असावी, बहुधा घरीच, कारण हातोडीचा एक फटका लाकडावर पडलेला दिसतो. तिएरने पांढऱ्या रिव्हेटाही वापरल्या, पितळीही वापरल्या. म्हणून नुसत्या रंगावरून बनवणारा ठरवू नये. इथे अर्थ आहे तो तीनपैकी एक वेगळी असण्याला.

एक रिव्हेट बदलली म्हणजे मूठ बदलली असं नाही. त्यासाठी मुठीची कड बघायची. पात्याचं पोलाद मुठीच्या दोन लाकडी फळ्यांमधून शेवटपर्यंत जातं, आणि कारखान्यात लाकूड आणि पोलाद बसवल्यानंतर एकत्रच घासतात. त्यामुळे कडेवर बोट फिरवलं तर लाकूड-पोलाद-लाकूड अशी एकच सपाट रेघ लागते. नंतर कुणी नव्या फळ्या बसवल्या तर एक तर त्या पोलादाच्या वर उठून राहतात, नाहीतर घासताना पोलादही ताजं खरवडलं जातं आणि पातं काळपट असताना कड मात्र चकचकीत दिसते. इथे कड एकसंध होती, पोलादाची पट्टीही पात्याइतकीच काळवंडलेली. लाकूड वाळून किंचित आक्रसलं होतं आणि पोलाद केसभर वर आलं होतं. जुन्या मूळ मुठीत हेच दिसायला हवं.

रिव्हेटांबाबत आणखी एक सांगायला हवं, कारण नव्या सुऱ्यांच्या फोटोंत ते रोज भेटतं. साच्यातून ओतलेल्या प्लॅस्टिकच्या मुठीवर काही कारखाने तीन गोल चकत्या बसवतात. त्या दिसतात रिव्हेटसारख्या, पण धरत काहीच नाहीत. मुठीची कड बघितली की पोल उघडी पडते: मधून पोलादाची पट्टी जात नसेल, तर त्या चकत्यांना पकडायला आत काही नाही. काळं, गुळगुळीत, मेणचट दिसणारं प्लॅस्टिक असेल आणि पट्टीही असेल, तर ते बहुधा पीओएम नावाचं प्लॅस्टिक. डेलरिन या नावाने ते १९६० मध्ये बाजारात आलं, त्यामुळे अशी मूठ त्यापूर्वीची असू शकत नाही. पातं अर्थातच जुनं असू शकतं, मूठ बदललेली असली तर.

राहिला पोलादाचा प्रश्न. भाचीच्या सुरीवर पोलादाचा एकही शब्द नव्हता, म्हणून पृष्ठभागाकडे वळायचं. जवळून घेतलेल्या फोटोत पातं एकाच राखाडी रंगाचं नव्हतं. टाचेकडे निळसर, मधे तपकिरी, आणि टोकाकडे ढगांसारखे कडा असलेले पट्टे. हे डाग म्हणजे साध्या कार्बन पोलादावर आंबट रस आणि ओलावा लागून बसलेला थर. न गंजणाऱ्या पोलादात क्रोमियम असतं, सुऱ्यांत सहसा तेरा-चौदा टक्क्यांच्या आसपास. ते पृष्ठभागावर ऑक्साइडचा न दिसणारा पडदा धरून ठेवतं आणि असे निळे ढग तयार होऊ देत नाही. जुनं स्टेनलेस पातं ओरखडलेलं, निस्तेज दिसतं, क्वचित त्यावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डेही पडतात, पण ते असं सर्वांगाने रंग बदलत नाही. फोटोत फसण्याची एकच मोठी जागा आहे: निळ्या आभाळाचं किंवा रंगीत भिंतीचं प्रतिबिंब. म्हणून सुरी फिरवून काढलेले दोन फोटो शेजारी ठेवायचे. प्रतिबिंब सरकतं, डाग जागचा हलत नाही. भाचीच्या दोन्ही फोटोंत निळा पट्टा शिक्क्याच्या त्याच ताऱ्याखाली होता. कार्बन पोलाद, यात मला शंका उरली नाही.

यावर काळाचाही आधार घेता येतो, पण एकाच बाजूने. सुऱ्यांसाठीचं न गंजणारं पोलाद शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांच्या १९१३ मधल्या कामातून पुढे आलं. म्हणून स्टेनलेस, इनॉक्स, रोस्टफ्राय यांपैकी कुठलाही शब्द असलेली सुरी त्याआधीची नाही. पण हे शब्द नसलेली सुरी जुनी असेलच असं नाही. कार्बन पोलादाच्या सुऱ्या आजही बनतात, तिएरमध्येही.

"चुंबक लावून बघितलं मामा, चिकटलं. म्हणजे स्टेनलेस नाही, बरोबर?"

निष्कर्ष बरोबर होता, पण पुरावा निरुपयोगी. ही समजूत भांड्यांवरून आली आहे. ताटं-वाट्या ज्या स्टेनलेसच्या असतात त्याला चुंबक फारसं चिकटत नाही. सुरीचं स्टेनलेस वेगळ्या जातीचं असतं. ते कडक करता यावं म्हणून त्याची आतली रचनाच निराळी ठेवलेली असते आणि त्याला चुंबक छान चिकटतं. सुरीच्या बाबतीत चुंबक दोन्ही पोलादांवर एकच उत्तर देतं, म्हणून तो प्रश्न त्याला विचारायचाच नाही.

पोलाद पात्यावर लिहिलेलं असतं तेव्हाही वाचताना चूक होते. व्युस्टहोफच्या सुरीवर ४५८२/२० असा आकडा दिसला की लोक तो पोलादाचा क्रमांक समजून शोधत बसतात. तो मॉडेलचा क्रमांक आहे, आणि तिरक्या रेघेनंतरचे वीस म्हणजे पात्याची लांबी सेंटिमीटरमध्ये. पोलाद वेगळं लिहिलेलं असतं: X50CrMoV15. हे एकदा उलगडून घेतलं की युरोपियन सुऱ्यांचा मोठा भाग वाचता येतो. सुरुवातीचा X म्हणजे मिश्रधातूंचं प्रमाण जास्त असलेलं पोलाद. पन्नास म्हणजे कार्बन, टक्क्याच्या शंभराव्या भागात मोजलेला, म्हणजे अर्धा टक्का. पुढे क्रोमियम, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम. शेवटचे पंधरा हे त्यातल्या पहिल्याचे, क्रोमियमचे, सुमारे पंधरा टक्के. बाकीची दोन इतकी थोडी असतात की त्यांचा आकडा लिहीत नाहीत. मात्र एवढं वाचून सुरी व्युस्टहोफची ठरत नाही. हेच पोलाद कितीतरी कारखाने वापरतात, आणि पोलादाचं नाव पात्यावर कोरायला कुणाची परवानगी लागत नाही.

भाचीचा शेवटचा प्रश्न होता, कार्बन पोलाद म्हणजे नेमकं कुठलं, कार्बन किती टक्के. इथे फोटोची हद्द संपते, आणि खरं सांगायचं तर हातात सुरी घेतली तरी फार पुढे जाता येत नाही. भंगारवाले आणि कारखाने धातू तपासायला पिस्तुलासारखं एक यंत्र वापरतात. ते क्ष-किरण मारून काही सेकंदांत क्रोमियम, मँगनीज, निकेल यांचं प्रमाण सांगतं. या सुरीत क्रोमियम नगण्य आहे हे ते लगेच दाखवेल. पण कार्बनचा अणू इतका हलका असतो की त्याचा क्षीण संकेत या यंत्राला पकडता येत नाही. कार्बन मोजायला दुसऱ्या पद्धती आहेत, आणि त्यांत पात्याचा तुकडा जाळावा लागतो किंवा ठिणगी नाहीतर लेझरने त्यावर डाग पाडावा लागतो. तिला मी लिहिलं: तिएरची, हत्तीवाली, कार्बन पोलाद, देशाच्या नावावरून बहुधा १८९० नंतरची, मूठ मूळची, मधली रिव्हेट नंतरची. टक्केवारीची जागा कोरी ठेवली.